उद्गारचिन्हं काढल्यावर पत्र कोरडं का होतं

प्रश्न: आई सांगलीत एकटी असते. फेब्रुवारीत ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी बंगळूरला होते. शेजारच्या काका-काकूंनी तिला सांभाळलं. त्यांना आभाराचं पत्र लिहिलंय. नवरा म्हणतो, सातवीतल्या मुलीने लिहिल्यासारखं वाटतं, सगळीकडे उद्गारचिन्हं आणि खूप खूप खूप. ती काढली की पत्र बँकेतून आल्यासारखं कोरडं होतं. मग कमी कसं करायचं? पत्र, आणि काय काय घडलं त्याचं टिपण, दोन्ही सोबत देतेय.

उत्तर:

मी गेली पंचवीसेक वर्षं मुद्रितशोधन आणि संपादन करते. त्यातला मोठा भाग स्मरणिका, गौरवअंक आणि प्रबंधांतले ऋणनिर्देश यांचा आहे, त्यामुळे लोकांनी मनापासून मानलेले आभार रोज माझ्या टेबलावर येतात. तुमचं पत्र मी आधी वाचलं आणि टिपण नंतर. दोन्ही इथे शेजारी ठेवते, कारण तुमच्या अडचणीचं उत्तर या दोन कागदांमध्येच आहे.

पत्र असं आहे:

"प्रिय काका आणि काकू!! तुम्हा दोघांचे खूप खूप खूप आभार!!! तुम्ही आईसाठी जे काही केलंत ते खरंच खूपच ग्रेट आहे! इतक्या रात्री तुम्ही लगेच धावत आलात, किती प्रचंड मदत केलीत! काकू, तुमचा डबा तर अप्रतिम!! आई खूप खूप खूश होती! मी इतकी लांब होते, मला खूपच अपराधी वाटत होतं, पण तुम्ही होतात म्हणून मी अगदी निर्धास्त होते! तुमच्यासारखी माणसं आजच्या काळात खरंच अत्यंत दुर्मिळ आहेत!! तुमचे उपकार मी कधीच, कधीच विसरणार नाही!!! पुन्हा एकदा खूप खूप खूप धन्यवाद!!!"

आणि टिपण:

"रात्री पावणेदोन, आई बाथरूममध्ये पडली. काकांकडे आमची किल्ली. त्यांनी तिला उचललं नाही. उशी दिली, शाल घातली, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत फरशीवर तिच्याशेजारी बसले. मी संध्याकाळी पाचला पोहोचले. काकू हॉस्पिटलमध्ये तीन रात्री, खुर्चीवर. मला म्हणाल्या, तू दिवसा थांब. नंतर डबा ४२ दिवस, आईची भाजी बिनतिखटाची वेगळी. आई वॉकर घेऊन पहिल्यांदा फाटकापर्यंत आली तेव्हा काका पलीकडे उभे होते. हात पुढे केला नाही, नुसतं 'या' म्हणाले. मेमध्ये मी महिनाभर जाणार आहे."

पत्रात १९ उद्गारचिन्हं आहेत आणि पूर्णविराम एकही नाही. 'खूप' दहा वेळा आलं आहे. टिपणात एकही उद्गारचिन्ह नाही, 'खूप' नाही, आणि तरी 'फरशीवर तिच्याशेजारी बसले' इथे मी वाचता वाचता थांबले. भावना तुम्ही टिपणात लिहिलीत. पत्रात तिचा आवाज तेवढा आला.

म्हणून पहिली गोष्ट अशी की चिन्हं खोडायला बसू नका. तुम्ही नेमकं तेच केलंत आणि म्हणून पत्र बँकेचं झालं. तुमच्या पत्रातली १९ चिन्हं आणि दहा 'खूप' काढले तर खाली काय उरतं, बघा: 'आभार. तुम्ही जे काही केलंत ते ग्रेट आहे. रात्री आलात, मदत केलीत. डबा अप्रतिम.' याच्या खाली काहीच नव्हतं. चिन्हांमुळे ते दिसत नव्हतं, एवढंच. कोरडेपणा आधीपासून होता, चिन्हं काढल्यावर तो उघडा पडला. तेव्हा काम कापण्याचं कमी आणि भरण्याचं जास्त आहे. भरलं की चिन्हं आपोआप सुटतात, बरीचशी तर ओढावीही लागत नाहीत.

मी करते ते असं. पत्राची छापील प्रत घ्यायची आणि प्रत्येक उद्गारचिन्हाभोवती, प्रत्येक 'खूप', 'खरंच', 'प्रचंड', 'अत्यंत', 'अगदी' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करायचा. मग एकेका गोलापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: म्हणजे काय झालं? 'किती प्रचंड मदत केलीत!' म्हणजे काय झालं? किल्लीने कुलूप उघडलं, आईला न हलवता तिच्याजवळ बसले. 'डबा तर अप्रतिम!!' म्हणजे काय? ४२ दिवस, आणि आईची भाजी वेगळी. 'जे काही केलंत' म्हणजे काय? हे तर सगळं टिपणच. उत्तर मिळालं की गोलाच्या जागी ते उत्तर लिहायचं. काही गोलांना उत्तरच मिळत नाही, 'आजच्या काळात अत्यंत दुर्मिळ' हे त्यातलं. तिथे वाक्य पूर्ण जातं. ते काका-काकूंबद्दल नाही, आजच्या काळाबद्दल आहे, आणि ते कुणाच्याही पत्रात बसेल. एखादं वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावाने जसंच्या तसं पाठवता येत असेल तर त्यावर कितीही चिन्हं लावा, घेणाऱ्याला ते आपलं वाटत नाही.

इथे एक फसवं वळण आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यावरून जातो. 'खूप खूप आभार' पोरकट वाटतं म्हणून लोक 'मनःपूर्वक आभार' लिहितात, मग 'अंतःकरणपूर्वक', मग 'शतशः ऋणी'. तिथून गाडी 'आभार मानावे तेवढे थोडेच', 'शब्द अपुरे पडतात', 'तुमच्या ऋणातच राहणं पसंत करू' इथे पोहोचते. ही सगळी 'खूप'चीच संस्कृत भावंडं आहेत. कपडे बदलले, माणूस तोच. शिवाय 'ऋणातच राहू' हे वाक्य समारंभातल्या आभारप्रदर्शनात इतकं झिजलं आहे की ते ऐकलं की लोक खुर्च्या सरकवायला लागतात. माझ्याकडे आलेल्या एका ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक आणि घरचे अशा चौघांचेही 'अंतःकरणपूर्वक' आभार होते. चौघांनाही तेच माप मिळाल्यामुळे कुणालाच काही मिळालं नव्हतं. आम्ही ग्रंथपालांच्या वाक्यात त्यांनी दुसऱ्या गावच्या वाचनालयातून मागवून दिलेल्या एका जुन्या अंकाचा उल्लेख घातला. विशेषण काढलं, आणि ते एक वाक्य त्या पानावर वेगळं उठून दिसलं.

आता उद्गारचिन्हाबद्दल. ते कुठे हवं, हे आपल्या शाळेतल्या व्याकरणातच आहे, फक्त आपण ते परीक्षेनंतर सोडून देतो. उद्गारचिन्ह केवलप्रयोगी अव्ययानंतर येतं, अरेरे, वा, अबब, आणि उद्गारार्थी वाक्याच्या शेवटी येतं. उद्गारार्थी वाक्य आपल्या घडणीवरून ओळखू येतं: त्यात 'किती', 'केवढा', 'काय' असतं, किंवा क्रियापद अर्ध्यावर सोडलेलं असतं. 'केवढी धावपळ!' 'काय हा पाऊस!' अशा वाक्यांना ते चिन्ह शोभतं, कारण वाक्य मुळातच उद्गार आहे. 'आई खूश होती' हे साधं विधान आहे. त्यापुढे उद्गारचिन्ह लावलं की विधान उद्गार होत नाही, विधानावर नुसता जोर येतो, आणि वाचणाऱ्याला कळतं की जोर बाहेरून लावला आहे. चिन्ह झाकून वाक्य वाचा. ते झाकूनही आवाज वर जात असेल तर चिन्ह ठेवा. आवाज शेवटी सपाट उतरत असेल तर पूर्णविराम द्या.

या कसोटीला तुमच्या पत्रातलं सर्वांत स्पष्टपणे उतरणारं वाक्य म्हणजे 'किती प्रचंड मदत केलीत!' आणि गंमत अशी की नेमकं तेच वाक्य आशयाने सर्वांत रिकामं आहे. म्हणून पत्रातलं एकमेव उद्गारचिन्ह मी दुसरीकडे नेलं आहे. कुठे ते खाली दिसेलच.

दोन आणि तीन उद्गारचिन्हं सलग कधीच नकोत. छपाईत आम्ही ती डोळे मिटून एकावर आणतो. पत्रात मला ती खटकतात ती वेगळ्या कारणासाठी. पहिल्या ओळीत तीन खर्च केली की शेवटच्या ओळीत जोर वाढवायला चार चिन्हं लावणं हा एकच पर्याय उरतो. मायना सोडला तर तुमचं पत्र तीनने सुरू होऊन तीनने संपतं. मध्ये जिथे खरा प्रसंग येतो, रात्री धावून येण्याचा, तिथे एकच चिन्ह आहे. म्हणजे आभाराच्या शब्दाला जास्त वजन आणि ज्याबद्दल आभार त्याला कमी.

'खूप'चं थोडं वेगळं आहे, आणि इथे मी तुमच्या बाजूने बोलणार आहे. शब्द दोनदा म्हणणं हा मराठीचा स्वभाव आहे. गरम गरम भाकरी, हळूहळू चालणं, लांबच लांब रांग. 'खूप खूप आभार' हे त्याच रांगेतलं, त्यात काही पोरकट नाही, एका पत्रात एकदा ते सहज चालतं. तिसरं 'खूप' मात्र भाषेचं नाही. तीनदा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, पण ती त्रिवार वंदनासारखी विधीची, गंभीर. मोबाईलवर टाइप करताना बोट त्याच शब्दावर पुन्हा पडतं आणि तिसरं येतं. 'खूऽऽऽप' असं ओढून लिहिणंही त्यातलंच. ते बोलण्याचं चित्र आहे, मैत्रिणीला लिहिताना छान, सत्तरीच्या शेजाऱ्यांना लिहिताना थोडं लाडिक वाटतं.

आणि 'च'कडे लक्ष द्या. शब्दाला चिकटलेला असल्यामुळे तो दिसत नाही, पण 'खूपच', 'फारच', 'कधीच' यांतला 'च' हे छोटं उद्गारचिन्हच आहे. 'च'ला स्वतःचं एक खरं काम असतं: इतरांना वगळणं. 'किल्ली काकांकडेच होती' म्हणजे दुसऱ्या कुणाकडे नव्हती, त्या 'च'ने माहिती दिली. 'खूपच' मधला 'च' कुणालाही वगळत नाही. वगळणारा 'च' ठेवा, बाकीचे सोडा.

मग जोर आणायचा कशाने? या प्रश्नापाशी लोक सहसा थांबतात, म्हणून इथे थोडं रेंगाळते. मराठीत जोर देण्याची दोन जुनी, भरवशाची साधनं आहेत आणि दोन्ही फुकट मिळतात.

एक म्हणजे क्रियापद. आपल्याकडे दोन क्रियापदं जोडून जो अर्थ येतो तो विशेषणाने येत नाही. 'काका बसले' आणि 'काका बसून राहिले' यांत काय फरक आहे? दुसऱ्यात वेळ आहे, उठून जाता आलं असतं तरी न जाणं आहे. 'खूप वेळ बसले' यात नुसता वेळ आहे. तसंच 'आलात' आणि 'धावून आलात', 'सांभाळलंत' आणि 'सांभाळून घेतलंत', 'दिलात' आणि 'देत राहिलात'. 'काढणं' हे क्रियापद तर अशा पत्रासाठी सोन्यासारखं आहे. 'तीन रात्री थांबलात' यात फक्त मुक्काम आहे, 'तीन रात्री खुर्चीवर काढल्यात' यात पाठदुखीसुद्धा आली, तिचं नाव न घेता. 'खूप' जिथे जिथे क्रियापदाला लागलं असेल तिथे आधी क्रियापद बदलून पाहा. दहातल्या निम्म्या वेळा 'खूप'ची गरज तिथेच संपते.

दुसरं म्हणजे वाक्याची लांबी आणि जागा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि जो शब्द त्याच्या अगदी आधी बसतो त्यावर आवाज टेकतो. 'फरशीवर तुम्ही आईशेजारी बसून राहिलात' यात आई पुढे येते. 'तुम्ही आईशेजारी फरशीवर बसून राहिलात' यात फरशी. दोन्ही बरोबर आहेत, तुम्हाला काय दाखवायचं आहे ते ठरवा. दोन-तीन लांब वाक्यांनंतर तीन शब्दांचं वाक्य आलं की ते आपोआप मोठ्याने वाचलं जातं. त्याला चिन्ह लागत नाही. पण हे तेव्हाच होतं जेव्हा आधीची वाक्यं शांत असतात. सगळीच वाक्यं ओरडत असतील तर छोटं वाक्यही त्यात हरवतं.

आता जरा नाजूक गोष्ट. 'मला खूपच अपराधी वाटत होतं' हे वाक्य. मला ते वाचून तुमची अवस्था समजली, पण आभाराच्या पत्रात ते तसंच ठेवू नका. ते वाचून काकू काय करतील? फोन करून म्हणतील, 'अगं, असं काय मनाला लावून घेतेस'. म्हणजे ज्यांनी एवढं केलं त्यांना आता तुमची समजूत काढण्याचं कामही द्याल. माझा अनुभव असा की आभाराच्या पत्रात चिन्हं जिथे सर्वांत दाट होतात तिथे बहुतेक वेळा कृतज्ञतेच्या खाली दुसरं काहीतरी असतं: आपण तिथे नव्हतो याची टोचणी, कधी पैसे न घेतल्याचा संकोच, कधी पत्राला झालेला उशीर. त्या जागेची चिन्हं नुसती खोडून चालत नाही. ती गोष्ट एका साध्या वाक्यात सांगावी लागते. तुमच्या टिपणात ते वाक्य तयार आहे: रात्री पावणेदोन आणि संध्याकाळी पाच. या दोन वेळांच्या मध्ये पंधरा तास आहेत. ते पंधरा तास तिथे कोण होतं, एवढं सांगितलंत की तुम्ही नव्हतात हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक अडचण आपल्याकडची खास आहे. जवळच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, अशी आपली समजूत. 'आभार मानून परकं करू नकोस' हे काकू नक्की म्हणणार. ही समजूत तुमच्याही मनात आहे, म्हणून 'आभार' लिहिताना हात अडखळतो आणि तो अडखळ झाकायला 'खूप खूप खूप' येतं. शब्द औपचारिक, नातं घरचं, आणि मधली फट चिन्हांनी बुजवायची. यावर उपाय म्हणजे 'आभार' हा शब्द एकदाच आणि शेवटी आणायचा, आणि संकोच उघडपणे बोलून टाकायचा. तोवर पत्र फक्त सांगत जातं की आम्ही पाहिलं, आमच्या लक्षात आहे. घरच्या माणसाला आभारापेक्षा 'लक्षात आहे' हे जास्त पोहोचतं.

एक छोटी आठवण यानिमित्ताने. जुन्या मोडी पत्रांत विरामचिन्हं नसत, शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. मराठीत विरामचिन्हांचा वापर रुळला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीची पत्रं 'बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा, हे विनंती' अशी संपत. अधिक काय लिहू, एवढं म्हणून माणूस थांबायचा. त्या थांबण्यात जिव्हाळा कमी पडला, असं ती पत्रं वाचताना मला कधी वाटलं नाही. म्हणून अडले की मी ती काढून बसते.

तुमच्या टिपणातूनच बांधलेला मसुदा खाली देते. माझी भर थोडीच आहे: काकूंच्या तोंडचं 'तू दिवसा थांब' थोडं लांबवलं आहे, आणि तुमचं घरी जाऊन झोपणं, आईला झालेली सवय आणि मेमधला डबा हे मी घातलं आहे, ते तुम्हाला आठवतं तसं करून घ्या.

"ती. स्व. काका आणि काकूंना सा. न.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री पावणेदोनला तुम्ही किल्लीने दार उघडून आत आलात. काका, तुम्ही आईला उचललं नाहीत. उशी दिलीत, शाल घातलीत आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिलात. मी संध्याकाळी पाचला पोहोचले. मधले पंधरा तास आई एकटी नव्हती.

काकू, हॉस्पिटलमधल्या तीन रात्री तुम्ही खुर्चीवर काढल्यात. 'तू दिवसा थांब, रात्री मी आहे,' असं म्हणून मला घरी पाठवलंत. मी झोपले. घरी आल्यावर डबा सुरू झाला. त्यातही आईची भाजी बिनतिखटाची, वेगळी, आणि अशी बेचाळीस दिवस!

वॉकर घेऊन आई पहिल्यांदा फाटकापर्यंत आली तेव्हा, काका, तुम्ही पलीकडे उभे होतात. हात पुढे न करता नुसतं 'या' म्हणालात. ती आली. तुम्हा दोघांची तिला आता खूप सवय झाली आहे.

तुम्ही म्हणाल, आभार कसले मानतेस. तरी एकदा मानू द्या. मे महिन्यात मी महिनाभर येते आहे. तेव्हा डबा माझ्याकडून.

तुमची"

एक उद्गारचिन्ह उरलं, एक 'खूप' उरलं. चिन्ह 'बेचाळीस दिवस' इथे आहे, कारण त्या वाक्याला क्रियापद नाही, ते घडणीनेच उद्गार आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत पत्र शांत राहिलं आहे. 'खूप' सवयीला लागलं आहे. तिथे ते माप सांगतं आणि थोडं हसवतंही, आईची लाडकी तक्रार असल्यासारखं. 'मी झोपले' हे दोन शब्दांचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यात तुमची टोचणी आहे, काकूंचा मोठेपणा आहे, आणि कुणालाच कुणाची समजूत काढावी लागत नाही. ते पुढच्या वाक्याला जोडून 'त्यामुळे मी शांत झोपू शकले' असं लांबवू नका.

मायना बदलला आहे तो वयाच्या मानाने. 'तीर्थरूप' आईवडिलांसाठी, इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', ही जुनी रीत सांगलीकडच्या घरांत सत्तरीच्या माणसांना ओळखीची असेल. मायन्यातला तो शब्द जो मान देतो त्यासाठी 'प्रिय'पुढे दोन चिन्हं लावावी लागत नाहीत. पण तुम्ही त्यांना कधीच असं लिहिलं नसेल आणि ते तुमच्या तोंडी परकं वाटत असेल तर नुसतं 'काका, काकू, नमस्कार' लिहा.

हे सगळं करताना उलट्या बाजूला घसरण्याचीही भीती आहे, आणि मी स्वतः घसरले आहे. एका स्मरणिकेसाठी एका बाईंनी आपल्या आजारपणातल्या नर्सबद्दल लिहिलं होतं. दर दोन ओळींनी 'सिस्टर!' अशी हाक होती. मी सगळ्या हाका काढल्या, मजकूर स्वच्छ केला आणि प्रूफ पाठवलं. त्यांचा फोन आला: 'ताई, हे बरोबर आहे, पण हे मी नाही बोलले.' त्या खरंच तशाच हाक मारायच्या, वॉर्डात, बेल दाबायच्या ऐवजी. ती हाक हीच त्या लेखातली घटना होती आणि मी तिला सवय समजले. आम्ही पहिली आणि शेवटची हाक परत घातली, चिन्हासकट. तेव्हापासून मी चिन्ह काढण्याआधी विचारते की हा माणूस समोर असता तर इथे खरोखर आवाज चढवला असता का. तुमच्या घरी काकूंना 'काकूऽ' अशी भिंतीवरून हाक मारायची पद्धत असेल आणि ती पत्रात आणावीशी वाटत असेल तर जरूर आणा. ती त्यांना ऐकू येईल.

दुसरी घसरण हिशेबाची. तपशील घालायचे म्हटलं की काही जण सगळेच घालतात: किती रिक्षा, किती फेऱ्या, औषधांची दुकानं, कुणी किती खर्च केला. मग पत्र बिलासारखं दिसतं आणि घेणारा संकोचतो. तुमच्या टिपणातून मी तीन प्रसंग घेतले, फरशी, खुर्ची आणि डबा, फाटक. आकडे पाचच आहेत आणि त्यातला एकही पैशाचा नाही. आणखी काही आठवलं तर यातलं एखादं काढून ते घाला, वर भर टाकू नका.

व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर थोडी ढील द्या. तिथे एका ओळीच्या निरोपाच्या शेवटी पूर्णविराम आला तर काहींना तो रुसल्यासारखा वाटतो, आणि 'पोहोचले काकू!' मधलं चिन्ह म्हणजे फक्त हसरा चेहरा आहे. पण हे पत्र कागदावर पाठवा. ते काका मोठ्याने वाचतील आणि काकू ऐकतील, कदाचित तुमची आईही तिथे असेल. म्हणून पाठवण्याआधी नवऱ्याला ते मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही नुसतं ऐका. जिथे त्याचा आवाज सलग दोन वाक्यांत वर जाईल तिथे काहीतरी जास्त झालं आहे. जिथे तो घाईने पुढे जाईल तिथे एखादं ठरीव वाक्य राहून गेलं आहे. आणि जिथे तो मध्येच थांबेल ती जागा मुळीच बदलू नका.

एवढं झालं की आईला फोन करून दोन गोष्टी विचारा. डबा खरंच ४२ दिवस होता का, कारण काकूंना तो आकडा पाठ असेल आणि चुकला तर सगळ्या पत्रातलं तेवढंच त्यांच्या लक्षात राहील. खात्री नसेल तर 'दीड महिना' लिहा. आणि आपण बाथरूमच्या फरशीवर होतो ते पत्रात आलेलं तिला चालेल का. मसुद्यात मी बाथरूम लिहिलेलं नाही, पण फरशी आहे. ती नको म्हणाली तर 'तिच्याशेजारी बसून राहिलात' एवढंच ठेवा.